पाटावरचा धाकटा

"दारातल्या झाडाला सांगायचंय, मोठं हो बाई. आता तोंडं बदल."

"केळ, वाढ. म्हणजे वेळ काढ. पुढची दे."

"अरे थांब की जरा!"

"थांबायचं काय त्यात? सुटली ना."

"इतक्यात सुटली?"

"चहात साखर ढवळत होतो. चमचासुद्धा थांबला नाही माझा. आणि तुझ्या आवाजाला काय झालंय रे? विहिरीतला बेडूक बोलल्यासारखं वाटतंय."

"पाट सुटलाय. रात्रीचा गारठ्यात हिंडतो ना मी."

"मग मफलर गुंडाळ. गुळण्या कर. कोडं बरं आहे हां, झाकलंयस चांगलं. रविवारी लावतो."

"लाव," पलीकडून धाकटा म्हणाला. मग थोडा वेळ नुसता घशात खरखरत राहिला. "लाव, दादा," असं पुन्हा एकदा म्हणून त्यानं फोन ठेवला.

दादानं चहा संपवला, चमचा चाटून बशीत ठेवला आणि कोडं पानावर उतरवून घेतलं. ते एवढं ठसठशीत कोडं त्याच्यासाठीच घातलेलं होतं, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. अख्ख्या गावाला कोडी घालणाऱ्या माणसाचं हे असं असतं. दिव्याखाली अंधार.

या दादाला त्याच्या कचेरीत 'जोडीवाले' म्हणत. वर्तमानपत्रात नोकरी, काम मुद्रितं तपासायचं. छापायला जाणारा प्रत्येक मजकूर ओळीखाली पट्टी धरून वाचायचा आणि चुकलेल्या वेलांट्यांना चिमटे काढायचे. नाकावर चष्मा, कानावर लाल पेन्सिल, आणि जेवणानंतर पट्टीनंच पाठ खाजवायची सवय. पण लोकांना माणूस ठाऊक होता तो रविवारच्या पुरवणीतल्या 'उलटी जोडी' या कोपऱ्यामुळे. दर रविवारी मूठभर कोडी, उत्तरं पुढच्या रविवारी. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत माणसं ती कोडी मोठ्यानं पुटपुटत बसायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गावाला वेड लागलंय.

पुरवणीचं काम नव्यानं अंगावर आलेल्या बाई एकदा त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"जोडीवाले, मला हे एकदा नीट शिकवा बघू. वाचकांचे फोन येतात आणि मी येड्यासारखी हो हो करते."

"बसा. हे घ्या सोपं. 'चेहऱ्याचा फुगीर भाग, घराचा वरचा मजला. तोंडं बदलली की रुळावरून ओझी नेते.' आता पहिला भाग काय?"

"नाक?"

"नाक फुगीर असेल तर डॉक्टरला दाखवा बाई. गाल. आणि वरचा मजला?"

"माडी. गाल माडी." बाई हसल्या. "गालावर माडी बांधली, पुढं?"

"आता दोघांची तोंडं बदला. गाल चा ग उचला, माडी चा म उचला. ह्याचा त्याला, त्याचा ह्याला."

"माल... गाडी. अय्या! मालगाडी!"

"मग शेवटचा भाग ताडून बघायचा. रुळावरून ओझी नेते का? नेते. सुटली. तो भाग जुळला नाही तर समजायचं, आपण भलत्याच गल्लीत शिरलोय."

"म्हणजे पहिलं अक्षर बदलायचं, एवढंच ना?"

"अक्षर नाही." जोडीवाल्यानं पेन्सिल कानावरून काढली. इथं आला की तो नेहमी गंभीर व्हायचा. "आवाज. पहिला आवाज. हे बघा, 'प्रत्येक शिकारी पक्षी.' म्हणजे दर घार. आता तुम्ही अख्खं अक्षर उचललंत, काना बिना सगळं घेऊन, तर काय होईल? घार दर. जागच्या जागी फुगडी. हाती काय लागलं? धुपाटणं. पण नुसता द आणि नुसता घ उचला. काना त्याच्या घरी राहू द्या. दर चा झाला घर, घार चा झाला दार."

"घरदार!"

"हां. सोयरीक आवाजाची करायची, मात्रा माहेरीच ठेवायच्या."

बाईंना ते पटलं. पण निघता निघता त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं चूक कशी नाही झाली हो तुमची?"

"माझा कान आहे एक. गावाकडं ठेवलाय," जोडीवाले म्हणाला.

तो कान म्हणजे धाकटा. जोडीवाल्याचा सख्खा भाऊ, पाटबंधारे खात्यात दरवाज्यावरचा माणूस. धरणातून पाण्याचा पाट निघतो, त्याला ठिकठिकाणी लोखंडी दरवाजे असतात. चाक फिरवून ते वर उचलायचे, खाली सोडायचे, कुणाच्या शेताला किती पाणी ते बघायचं, आणि पाण्यावरून भांडणाऱ्यांच्या शिव्या खायच्या. तिथंच काठावर दोन खोल्यांची चौकी, दारात केळीचं झाड, आणि बायको. हातात वर्तमानपत्र यायचं ते शिळं, कशाला तरी गुंडाळून आलेलं. म्हणूनच तो कामाचा होता. जोडीवाले दर गुरुवारी संध्याकाळी फोन लावून त्याला कोडी वाचून दाखवायचा. छापील काही समोर नाही, नुसता आवाज. धाकट्याला सुटलं आणि पटलं, तर ते पानावर जायचं. नाही तर केराच्या टोपलीत. हा नियम जोडीवाल्यानं तोवर कधी मोडला नव्हता, बाकी बरेच मोडले होते.

कारण डोळा लबाड असतो. एकदा जोडीवाल्यानं मोठ्या ऐटीत एक कोडं रचलं. 'ठोक, आणि गुरांचं खाणं. तोंडं बदलली की फटके तीनच्या वर जातात.' मार चारा, म्हणून चार मारा. कागदावर बघितलं तर गुळगुळीत, कुठं खोट नाही. फोनवर वाचलं तर धाकटा हसायलाच लागला.

"दादा, तुझा च मध्येच जात बदलतोय की रे."

"काय बदलतोय?"

"गुरांच्या चाऱ्यातला च बोलून बघ. दाताला लागतो तो. आणि तीन, चार मधला च? तो टाळूला चिकटतो. चाऱ्यातला च उचलून तू पुढं लावलास, तर ते तीनच्या पुढचं चार होत नाही. ते होतं, गुराला चार. मला गाईला चारा घालायला सांगतोयस आणि वर मारायलाही सांगतोयस. गाय काय म्हणंल?"

जोडीवाल्यानं दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. बरोबर होतं. लिहायला एकच च, बोलायला दोन. कोडं टोपलीत गेलं. कचेरीत त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मुद्रितं तपासणाऱ्यानं आपली चूक कशाला सांगावी?

हा नाद लागला तो बापाच्या दुकानात. बाप शिंपी, तोंडानं फटकळ. पुढं दुकान, मागं एक खोली, मध्ये जाड पडदा. कुणी बाई कपडा घेऊन आली की बाप गळ्यातली टेप ओढत एकाच सुरात म्हणायचा, "बाय, माप!" दिवसभर तेच. बाय, माप. बाय, माप. पडद्यामागं दोघं भाऊ गुंड्या निवडत बसलेले. एके दिवशी थोरल्याच्या डोक्यात ते आपोआप फिरलं. त्यानं धाकट्याच्या कानात सांगितलं, "मायबाप." धाकट्याला दोन क्षण कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तो गुंड्यांच्या डब्यावर आडवा पडून हसला. गुंड्या सगळीकडं सांडल्या. बापानं पडदा सारून दोघांना टेपनंच झोडलं.

पण नाद सुटला नाही, उलट कामाला आला. त्या घरात सरळ काही मागायची सोय नव्हती. मागितलं की बाप म्हणायचा, "तुझा बाप काय राजा आहे काय?" मग पोरं उलटं मागायला शिकली. उन्हातून आलं की थोरला ओरडायचा, "पार गाणी!" आणि धाकटा गार पाणी आणून द्यायचा. निजायच्या वेळी जो आधी "गऊ मादी!" म्हणेल, त्याला मऊ गादी. आई म्हणायची, "मेल्यांनो, सरळ बोला की कधी." बापाला वाटायचं, पोरं खुळी आहेत. आणि बाप दुकानात असताना बोलायचीही चोरी, तेव्हा बोटांची खूण होती. थोरल्यानं ओठ हलवून कोडं घालायचं. धाकट्यानं एक बोट दाखवलं तर सुटलं आणि झकास आहे. दोन बोटं म्हणजे सुटलं, पण भिकार आहे. मूठ म्हणजे सुटलं नाही. मूठ त्यानं फारशी दाखवलीच नाही.

पुढं थोरला शिकून शहरात आला, धाकटा पाटावर गेला. भेटी कमी झाल्या. धाकटा आधी सरळ बोलवायचा. "दादा, चार दिवस ये की. पाटाला पाणी सुटलंय, मजा आहे." दादा म्हणायचा, "अरे, रविवारचं पान कोण लावणार?" त्यावर दादाची बायको म्हणायची, "पान लावायला तुम्ही काय पानवाले आहात?" दर वर्षी म्हणायची. पण तिचंही ऐकलं जात नव्हतं. असं बऱ्याचदा झाल्यावर धाकट्यानं सरळ बोलावणं बंद केलं. रुसला बिसला नाही. फक्त गुरुवारी फोनवर कोडी ऐकायची, सोडवायची आणि कधीमधी आपलं एखादं घालायचं, एवढंच ठेवलं.

केळीच्या कोड्यानंतरच्या गुरुवारी त्याचा आवाज आणखी बसला होता. दादानं आपली कोडी वाचली. धाकट्यानं ती एकेक करून निकालात काढली, पण प्रत्येक शब्दाला घसा खाकरत.

"औषध घेतोस ना?"

"घेतोय. एक माझं ऐक. पाट वाहतो."

"आँ?"

"कोडं आहे. पाट वाहतो. तोंडं बदल."

"वाट पाहतो," दादा लगेच म्हणाला. "पण ह्याला काय कोडं म्हणायचं रे? तू शब्दच उघडे टाकलेस. पाट म्हणून तोंडावर सांगितल्यावर सोडवणाऱ्यानं करायचं काय? झाकायला पाहिजे."

"उघडंच असू दे म्हणलं, एखाद वेळेस."

"असं नसतं. थांब हां." दादाची पेन्सिल कानावरून उतरली. "पाट म्हणजे बसायची फळी पण होते. वाहतो म्हणजे नेतो. 'बसायची फळी डोक्यावरून नेतो. तोंडं बदलली की रस्त्याला डोळे लावून बसतो.' बघ! आता कुणाच्या बापाला पाण्याचा पाट आठवायचा नाही. कसं आहे?"

पलीकडं धाकटा नुसता खोकला.

"अरे, कसं आहे सांग ना. लावू का?"

"झकास आहे," धाकटा म्हणाला. "लाव."

"तुझ्या नावावर लावू?"

"नको. तुझंच झालं ते आता."

रविवारी ते छापून आलं. पुरवणीच्या बाई मुद्दाम टेबलाशी येऊन म्हणाल्या, "ते फळीवालं कोडं फार आवडलं लोकांना." जोडीवाले दिवसभर खुशीत होता. पानवाल्याला सुद्धा त्यानं ते घालून बघितलं.

पुढच्या गुरुवारी फोन कुणी उचललाच नाही. जोडीवाल्यानं समजूत करून घेतली, पाटावर असेल. आणखी दोनदा लावला, मग कोडी तशीच पानावर लावली. नियम मोडला तो तेव्हा, पहिल्यांदा. दोन दिवसांनी भावजयीचा फोन आला. हॉस्पिटलमधून.

"भाऊजी, ऑपरेशन झालं ह्यांचं. नीट झालं म्हणतात डॉक्टर."

"कसलं ऑपरेशन?"

ती म्हणाली, "घशाचं. तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला कोण सांगणार?"

"अहो, मी कळवणार होते, तर हे म्हणाले, तू मध्ये पडू नको, मी दादाला दोनदा सांगितलंय. यायचं तर येईल. आता तुम्ही आला नाही म्हणून मला तर रागच आला होता तुमचा."

जोडीवाले हातातली पट्टी धरून उभाच राहिला. वेळ काढ. वाट पाहतो. दोन्ही त्यानं सोडवली होती. एकालाही श्वास घेण्याइतका वेळ लागला नव्हता. एक तर त्यानं दुरुस्तही करून दिलं होतं.

"आवाज गेला हो," भावजय म्हणाली. "ते घशातलं सगळं काढलंय. आता मानेला भोक आहे, श्वास तिथूनच. बोलणं नाही व्हायचं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा हे म्हणाले, ऑपरेशन पंधरा दिवस पुढं ढकला. डॉक्टर ओरडले, तरी ऐकेनात. दादाबरोबर एकदा समोरासमोर बसून खेळायचंय म्हणाले, आवाज आहे तोवर."

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण जोडीवाल्यानं आयुष्यात शंभरदा तपासली असेल. झोपा म्हणजे गोठ्याचं दार हे तो नव्या पोरांना समजावूनही सांगायचा. त्या दिवशी ती म्हण त्याला तपासायला आली.

तो त्याच दिवशी निघाला. हॉस्पिटलात धाकटा उशाला टेकून बसला होता, मानेभोवती पांढरी पट्टी, नळी. दादाला बघून त्यानं मान हलवली, जशी परक्या पाहुण्याला हलवतात. मग भिंतीकडं तोंड करून निजला. दादा खुर्चीवर बसून राहिला. बोलायचं काय? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्यापुढं माफी मागणं म्हणजे हात बांधलेल्याशी कुस्ती. संध्याकाळी परत आला. पान लावायचं होतं.

नंतर दर गुरुवारी तो फोन लावायचा. भावजय उचलायची. "देऊ का त्यांना?" म्हणायची, आणि मग हात फोनवर ठेवून काहीतरी कुजबुज, मग परत येऊन, "नको म्हणतायत भाऊजी. कामात आहेत." मानेला भोक असलेला माणूस घरात बसून कसल्या कामात असणार? जोडीवाले, "बरं," म्हणून ठेवायचा. कोडी कुणालाच न ऐकवता छापू लागला. एका रविवारी तर एक चुकीचं गेलंच, अख्खं अक्षर मात्रेसकट उचललेलं. वाचकांचे फोन आले. बाई म्हणाल्या, "जोडीवाले, तुमचा तो कान कुठं गेला?" त्यानं नुसतं, "आजारी आहे," असं सांगितलं.

पाटाला पुन्हा पाणी सुटलं तेव्हा धाकटा कामावर रुजू झाल्याचं कळलं. डॉक्टरनं पाण्यापासून लांब राहायला बजावलं होतं. मानेतल्या भोकात पाणी शिरलं तर बुडायला नदी लागत नाही, एक लाट पुरते. तरी हा पठ्ठ्या दरवाज्यावर हजर. जोडीवाल्यानं रजा टाकली. रविवारचं पान त्या आठवड्यात बाईंनी लावलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. हे इतकी वर्षं ठाऊक असतं तर, असं त्याच्या मनात आलं. पण ते ठाऊक होतंच. तेवढंही खोटं बोलायची सोय नव्हती.

एसटीत खिडकीशी बसून तो सगळा वेळ एकच कोडं घडवत आला. जे बोलायचं ते सरळ बोलायची सवय दोघांपैकी एकालाही नव्हती. चौकीशी उतरला तेव्हा ऊन कलत होतं. धाकटा दरवाज्याच्या कट्ट्यावर उकिडवा बसून चाकाला ग्रीस लावत होता. मानेला तलम फडकं बांधलेलं. भावजय दारातूनच म्हणाली, "आले बघा तुमचे दादा," आणि चहाच्या निमित्तानं आत गेली.

दादा कट्ट्यावर जाऊन बसला. खाली पाणी दरवाज्याला धडका देत होतं. धाकट्यानं वर बघितलं, परत ग्रीसचा डबा ओढला.

"एक कोडं आणलंय," दादा म्हणाला.

धाकट्याचा हात थांबला नाही.

"लाकडात लाकूड भारी, पण अंगानं हडकुळं. तोंडं बदल. मी तुझ्याकडं काय मागतोय ते निघेल."

आता हात थांबला. धाकटा पाण्याकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ, जसे पडद्यामागं हलायचे. लाकडात भारी म्हणजे साग. हडकुळं म्हणजे रोड. साग रोड. ओठ एकदा मिटले, पुन्हा हलले. दादाला वाचता येत होतं. राग सोड.

"सुटली?" दादानं विचारलं.

धाकट्यानं मान हलवली. सुटली. मग ग्रीसनं काळा झालेला हात वर करून त्यानं दोन बोटं दाखवली.

सुटली, पण भिकार आहे.

"दोन? का रे? काय खोट आहे त्यात? स आणि र. मात्रा जागच्या जागी. दोन्ही शब्द झाकलेत मी!"

धाकट्यानं डाव्या हाताचा पंजा पसरला, त्यावर उजवा पंजा पालथा घातला, झाकण घातल्यासारखा. आणि मग तो पालथा पंजा उचलून बाजूला फेकून दिला. पुन्हा एकदा केलं. झाकला, उघडून टाकला. मग बोट दादाच्या तोंडाकडं.

दादाला कळायला वेळ लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादं सोडवायला वेळ लागला. धाकटा म्हणत होता, झाकतोस कशाला? हे उघडं बोल.

खाली पाणी चाललंच होतं.

"चुकलं माझं," दादा म्हणाला. "तू बोलावलंस आणि मी आलो नाही. मला सुटलं होतं रे, सगळं सुटलं होतं. ऐकू तेवढं आलं नाही."

सरळ बोललेलं हे त्याचं एवढंच. त्यावर धाकट्यानं बोट दाखवलं नाही, एकही नाही आणि मूठही नाही. फडक्यातून श्वास सुं सुं वाजत राहिला. मग त्यानं दादाच्या पायाला हातातल्या चिंधीनं फटका दिला, कारण तो पाय साखळीवर होता आणि दरवाजा उचलायची वेळ झाली होती. दादानं पाय काढला. धाकटा उठला, चाकाला भिडला. दोन-चार फेऱ्यांत पाणी पलीकडं झेपावलं. त्याची छाती भात्यासारखी चालली होती. दादा मदतीला उठला तर त्यानं कोपरानं मागं सारलं. चाकाची सवय नसलेला माणूस मध्ये आला की बोटं जातात.

चहा झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दादा परत आला. राग सुटला की नाही हे त्याला तिथं कळलं नाही. नंतरही नीटसं कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी त्यानं फोन लावला. भावजय म्हणाली, "धरते त्यांच्या कानाला. बोला." त्यानं कोडं वाचलं. थोड्या वेळानं फोनवर नखानं टिचकी वाजली. एक. दुसऱ्याला दोन टिचक्या आल्या, म्हणजे ते टोपलीत. तिसऱ्याला एक. टिचकी ऐकली की जोडीवाले पेन्सिलीनं खूण करायचा आणि पुढचं वाचायचा. सगळी संपल्यावर तो दर वेळी थांबतो. तुझं काही आहे का, असं विचारायला जीभ वळते. पलीकडं श्वास वाजत असतो. धाकट्याचं कोडं आता यायचं नाही. त्याला लागणारा आवाज हॉस्पिटलात गेला, आणि त्याची शेवटची दोन कोडी छापून, सुटून, रद्दीत जाऊन कधीच केळ्यांभोवती गुंडाळली गेली.

"जोडीवाले," पुरवणीच्या बाई लांबूनच ओरडतात, "पान अडलंय हो! द्या लवकर."

"आलो," तो म्हणतो. फोन ठेवतो, दोन टिचक्यांचं कोडं खोडतो, पट्टी ओळीखाली सरकवतो आणि पहिल्या शब्दापासून वाचायला घेतो.